सक्रिय सभासद नेमके किती? दोन रिपोर्ट जुळेनात तेव्हा विश्वस्त मंडळापुढे एक व्याख्या कशी ठरली

परभणी जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावचं आमचं वाचनालय, संस्था नोंदणी कायदा आणि सार्वजनिक न्यास कायदा दोन्हीखाली नोंदलेली संस्था, विश्वस्त मंडळ, सचिव, कोषाध्यक्ष, सगळं रीतसर. मी तिथलं कॉम्प्युटरचं बघतो. वार्षिक सभेआधी दरवर्षी एकच वाद व्हायचा: लिपिक पावती पुस्तकावरून सभासदांचा एक आकडा देणार, ग्रंथपाल मॅडम कोहा या देवघेवीच्या सॉफ्टवेअरमधून दुसरा देणार, आणि मंडळातलं कुणीतरी म्हणणार की यातला खरा कोणता ते आधी सांगा. 2024-25 च्या अहवालाच्या वेळी लिपिकाचा आकडा 486 आणि मॅडमचा 371. कोषाध्यक्ष सरळ म्हणाले, "115 माणसं गेली कुठं? पैसे आलेत ना त्यांचे?"

असा घोळ बऱ्याच वाचनालयांत, क्रीडा मंडळांत, व्यायामशाळांत असणार म्हणून आम्ही तो कसा सोडवला ते लिहितोय. आधीच सांगतो, दोन्ही रिपोर्टमध्ये बेरजेची चूक एकही नव्हती. दोघंही वेगवेगळी गोष्ट मोजत होते आणि वर नाव मात्र एकच लावत होते, "सक्रिय सभासद".

पहिलं काम म्हणजे आकडे बाजूला ठेवून दोन्हीकडून याद्या मागवल्या. 486 आणि 371 मधला फरक 115 आहे म्हणजे 115 माणसांचाच घोळ आहे असं सगळे धरून चालतात, तिथंच गाडी अडते. लिपिकाच्या यादीत आहेत पण मॅडमच्या यादीत नाहीत असे काही, आणि मॅडमकडं आहेत पण लिपिकाकडं नाहीत असेही काही, दोन्ही बाजूंनी माणसं सांडलेली असतात आणि वजाबाकी त्यावर पांघरूण घालते.

याद्या जुळवायला घेतल्या तर पावतीवर सभासद क्रमांकच नाही! नुसतं नाव, रक्कम, तारीख. कोहात तेच नाव कधी आडनाव आधी, कधी नुसती आद्याक्षरं, शेख कुठं एका स्पेलिंगने कुठं दुसऱ्या. नावावरून जुळवायच्या फंदात पडू नका, गावात एकाच नावाचे चार जण निघतात. आम्ही मोबाईल नंबरवरून जुळवलं कारण तो पावतीच्या मागच्या अर्धुकावर लिहायची लिपिकाची सवय होती. त्यातही बापाच्या एकाच नंबरवर दोन पोरांची कार्डं, ती हातानं सोडवावी लागली. आणि एक्सेलमध्ये कार्ड नंबर टाकणार असाल तर तो कॉलम आधी टेक्स्ट करून घ्या, नाहीतर 00412 चं 412 होतं आणि मग व्हीलूकअप काहीच सापडत नाही म्हणतं, माणूस यादीत समोर दिसत असतो तरी.

जुळवल्यावर चित्र असं निघालं. दोन्ही यादीत असलेली माणसं 298. फक्त पावतीत असलेल्या नोंदी 188 आणि फक्त कोहात असलेली माणसं 73.

आधी 188 चं बघू. त्यातल्या 29 तर माणसंच नव्हती, पावत्या होत्या. सहामाही वर्गणी भरणाऱ्यानी एप्रिलमध्ये एक आणि ऑक्टोबरमध्ये एक पावती फाडली की लिपिकाच्या मोजणीत ते दोन सभासद. म्हणजे 486 हा पावत्यांचा आकडा, माणसं 457. राहिलेल्या 159 पैकी 121 पोरं-पोरी अभ्यासिकेतले. आमच्याकडं वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे, तलाठी भरती, पोलीस भरती, एमपीएससी करणारी मुलं सकाळी सहाला येऊन बसतात, स्वतःचीच पुस्तकं घेऊन येतात, देवघेवीच्या काउंटरकडं वर्षात एकदाही फिरकत नाहीत (जी फिरकतात ती 298 मध्ये आलीच). कोहाला ही मुलं दिसतच नाहीत, आणि खरं बघायला गेलं तर वाचनालयाचे दिवे त्यांच्यामुळंच रात्रीपर्यंत चालू असतात. उरले 38, त्यांनी वर्गणी भरली आणि नंतर तोंड दाखवलं नाही, ना पुस्तक ना अभ्यासिका.

आता 73. त्यात 31 आजीव सभासद, ज्यांनी कधीकाळी एकरकमी पैसे भरले, यंदाची पावती असायचा प्रश्नच नाही, पण पुस्तक नियमानं नेतात. 24 जण असे की त्यांची वर्गणी आदल्या आर्थिक वर्षात भरलेली, उदाहरणार्थ 20 जानेवारी 2024 ला भरली, ती 19 जानेवारी 2025 पर्यंत चालली, मधे पुस्तकं नेली आणि मुदत संपल्यावर नूतनीकरण केलं नाही. पावती आधीच्या वर्षात, वाचन या वर्षात. लिपिक एप्रिल ते मार्च बघतो आणि कार्डाची मुदत भरल्या तारखेपासून बारा महिने, या दोन कॅलेंडरांचं कधी जमणारच नाही. 5 कार्डं कर्मचाऱ्यांची फुकटची. आणि उरलेले 13... याच्यावर मीटिंगमध्ये जरा शांतता पसरली. वर्गणी थकलेली पण "पुढच्या महिन्यात देतो हो" म्हणून काउंटरवरून मुदत वाढवून घेतलेली आणि पुस्तकं नेलेली ही मंडळी. त्यातले बरेच मंडळाच्याच ओळखीचे.

इथपर्यंत आलं की फरक समजतो, पण व्याख्या ठरत नाही. ती ठरवणं मंडळाचं काम, माझं नाही आणि ग्रंथपालांचंही नाही. अडचण अशी की मंडळापुढं "सक्रिय सभासदाची व्याख्या काय असावी" असा विषय ठेवला की तासभर भाषणं होतात आणि चहा होऊन विषय पुढच्या मीटिंगवर जातो. म्हणून आम्ही व्याख्या मागितलीच नाही. सचिव सरांशी बोलून पाच खरी कार्डं काढली, नाव झाकून, आणि एकेक कार्ड दाखवून एवढंच विचारलं: हा सक्रिय धरायचा का नाही?

पहिलं कार्ड अभ्यासिकेतल्या पोराचं, महिन्यात पंचवीस दिवस हजर, पुस्तक एकही नाही. सगळे म्हणाले अर्थात सक्रिय. बरं, म्हणजे नुसत्या देवघेवीवर मोजता येणार नाही हे एका मिनिटात मंजूर झालं.

दुसरं आजीव सभासदाचं, दर आठवड्याला येणारा, पावती नाही. हाही सक्रिय. म्हणजे नुसत्या पावतीवरही मोजता येणार नाही.

तिसरंही आजीवचंच, पण शेवटचं पुस्तक नेल्याला आठ-नऊ वर्षं झालेली. इथं मात्र ज्येष्ठ विश्वस्त काका एकदम तापले, "म्हंजे काय, आमचं सभासदत्व काढून घ्यायलेत का तुम्ही?" त्यांचं म्हणणं रास्त होतं आणि बरं झालं त्यांनी ते तोंडावर बोलून दाखवलं. कारण संस्थेचा सभासद म्हणून मताचा हक्क आणि वाचनालय वापरणारा म्हणून सक्रिय असणं या दोन वेगळ्या याद्या आहेत, त्या आमच्याकडं एकाच रजिस्टरमध्ये कोंबल्या होत्या. मताच्या यादीला कायदा आहे, संस्था नोंदणी अधिनियम 1860 चं कलम 15 सांगतं की वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकलेल्याला मत देता येत नाही आणि त्या कामापुरतं त्याला सभासद म्हणून मोजतही नाहीत. त्याने पुस्तक नेलं का नाही याचा तिथं संबंधच नाही, आजीवची वर्गणी तर थकतच नाही. त्यामुळं ठरावात पहिलंच वाक्य असं घातलं की ही मोजणी फक्त वापर समजून घेण्यासाठी आहे, मतदार यादीवर आणि सभासदत्वाच्या हक्कावर तिचा काही परिणाम नाही. हे वाक्य आलं आणि काका लगेच म्हणाले, मग ठीक आहे, वाचत नाही तो सक्रिय नाही, मीसुद्धा नाही. आपली संस्था असेल तर हे वाक्य विसरू नका, आणि आपल्या नियमावलीत मताबद्दल वेगळी अट आहे का तेही बघून घ्या.

चौथं कार्ड त्या 38 पैकी एकाचं, एप्रिलमध्ये वर्गणी भरली आणि गायब. कोषाध्यक्ष म्हणाले पैसे दिलेत, तो सक्रिय नाही कसा? याच्यावर बरीच खेचाखेच झाली. शेवटी त्यांनाच विचारलं की समजा या 38 जणांना सक्रिय धरलं तर पुढच्या वर्षी ते नूतनीकरण करणार नाहीत हे आपल्याला आधी कसं कळणार? त्यांना ते पटलं, पण आकडा सोडायला तयार नव्हते, आणि मला वाटतं सोडू पण नये. मग दोन आकडे ठेवायचं ठरलं, दोन वेगळ्या नावांनी: "वर्गणीदार" म्हणजे वर्षात ज्यांची किमान एक पावती आहे अशी माणसं, 457, हा हिशोबाशी जुळतो. आणि "सक्रिय वाचक" हा वेगळा. अहवालात दोन्ही छापायचे, एकाच्या जागी दुसरा कधीच नाही.

पाचवं कार्ड मुदत फेब्रुवारीत संपलेल्या माणसाचं, पण एक कादंबरी अजून त्याच्याच घरी. पुस्तक बाहेर आहे म्हणजे तो वापरतोय असं एकाचं मत. मॅडम म्हणाल्या, वापरत नाही, अडकवून ठेवलंय. तो वसुलीच्या यादीत गेला, सक्रियमध्ये नाही.

मुदत किती धरायची यावर मात्र कार्डं कामी आली नाहीत. एक विश्वस्त शहरात राहून आलेले, त्यांचं म्हणणं तीन महिन्यांत एकदा तरी पुस्तक नेलं पाहिजे. पण आपल्याकडं पेरणीच्या वेळी जूनमध्ये काउंटर ओस पडतं, सोयाबीन काढणीला ऑक्टोबरमध्ये परत तेच, काही घरं तर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यातच परततात, आणि शाळेची पोरं मे महिन्यात तुटून पडतात. तीन महिन्यांची खिडकी धरली तर कुठल्या महिन्यात मोजलं यावरच आकडा नाचेल. बारा महिने धरले की प्रत्येकाचा एक तरी हंगाम त्यात येतो. म्हणून बारा. किती पुस्तकं, तर एक. जास्त पुस्तकांची अट घालायची सूचना आली होती पण मग ती चार का पाच यावर परत भांडण, सोडून दिलं.

शेवटी ठरावात जे गेलं ते साधारण असं: 31 मार्चला ज्याची मुदत चालू आहे (आजीव धरून) आणि मागच्या बारा महिन्यांत ज्याने किमान एकदा पुस्तक घेतलं किंवा नेलेल्या पुस्तकाची मुदत वाढवून घेतली किंवा अभ्यासिकेच्या रजिस्टरवर ज्याची हजेरी आहे, तो सक्रिय वाचक. माणूस एकदाच मोजायचा. कर्मचाऱ्यांची कार्डं वगळायची. पावतीशिवाय वाढवलेली मुदत ही मुदत नव्हे.

आता मोजणी. देवघेवीची बाजू कोहामध्ये रिपोर्टच्या पानावर ही क्वेरी टाकून येते, तारखा आणि कर्मचाऱ्यांचा कॅटेगरी कोड आपापला घाला:

```sql
SELECT COUNT(DISTINCT s.borrowernumber)
FROM statistics s
JOIN borrowers b ON b.borrowernumber = s.borrowernumber
WHERE s.type IN ('issue','renew')
  AND s.datetime >= '2024-04-01'
  AND s.datetime < '2025-04-01'
  AND b.dateexpiry >= '2025-03-31'
  AND b.categorycode <> 'STAFF';
```

`DISTINCT` विसरलात तर माणसांऐवजी देवघेवी मोजल्या जातील आणि आकडा हजारांत जाईल, ते लगेच कळतं. न कळणारी चूक म्हणजे `issues` या टेबलवरून मोजणं, त्यात फक्त आत्ता बाहेर असलेली पुस्तकं असतात, परत आलेली `old_issues` मध्ये जातात, म्हणून आकडा फारच कमी येतो आणि तरी तो खरा वाटतो. शिवाय वाचकांचा जुना इतिहास पुसायची सोय चालू केलेली असेल तर `old_issues` मधून माणूस ओळखूच येत नाही. म्हणून `statistics` वापरलं.

आणि आता ज्या कारणानं हा घोळ दरवर्षी परत यायचा ते. हीच क्वेरी आम्ही मे महिन्यात चालू सिस्टमवर टाकली तर उत्तर आलं 341. लेखापरीक्षणासाठी मार्चअखेरचा म्हणून वेगळा ठेवलेला बॅकअप होता, तो दुसऱ्या मशीनवर चढवून तीच क्वेरी टाकली तर 320. क्वेरी तीच, वर्ष तेच, तारखा त्याच. कारण `dateexpiry` हे एकच खण आहे, नूतनीकरण झालं की जुनी तारीख पुसून नवी बसते. ज्याची मुदत मार्चमध्ये संपलेली होती आणि ज्याने एप्रिलमध्ये पैसे भरले, तो मे महिन्यात बघितलं तर 2026 पर्यंत चालू दिसतो, म्हणजे 31 मार्चलाही चालू होता असं कोहा समजतं. असे 21 जण होते. पूर्वी मॅडम एक आकडा एप्रिलमध्ये देत, तोच परत जूनमध्ये काढला की वेगळा येई आणि सगळे त्यांच्याकडंच संशयानं बघत. बिचाऱ्या बाईंचा यात काय दोष.

यावर उपाय काही भारी नाही. 31 मार्चला काउंटर बंद झाल्यावर सगळ्या कार्डांची यादी, क्रमांक आणि मुदतीची तारीख, फाईल म्हणून काढायची, सचिवांकडं एक प्रत, आणि वर्षभर जो काही आकडा लागेल तो त्या फाईलवरूनच. चालू सिस्टमवरून मागच्या मार्चचा आकडा काढायचाच नाही.

आता आकडा पूर्ण करू. 320 मध्ये तेरा जण ते "पुढच्या महिन्यात देतो" वाले शिरलेले असतात कारण त्यांची मुदत कोहात पुढची दिसते, ते फक्त पावतीशी जुळवल्यावरच सापडतात, ते काढले की 307. हे 307 म्हणजे दोन्ही यादीतले 298 वजा सहामाही संपलेले 22, म्हणजे 276, आणि वर 31 आजीव. अभ्यासिकेच्या 121 पैकी 31 मार्चला मुदत चालू असलेले 84, बाकीची मुलं परीक्षा झाली म्हणून किंवा पुण्याला क्लास लावला म्हणून गेलेली. 307 अधिक 84, सक्रिय वाचक 391.

मंडळाला हे सगळं एका कागदावर दिलं. वर 486, त्यातून 29 जुळ्या पावत्या गेल्या, 457. त्यातून 38 न आलेले गेले, 22 सहामाही संपलेले गेले, 37 अभ्यासिका सोडून गेलेले गेले, राहिले 360, त्यात 31 आजीव मिळवले, 391. दुसऱ्या बाजूला 371, त्यातून 24 मुदत संपलेले, 5 कर्मचारी, 13 थकलेले आणि तेच 22 गेले, राहिले 307, त्यात अभ्यासिकेचे 84, परत 391. दोन्ही बाजूंनी उतरत एकाच आकड्यावर येतं हे बघितल्यावर कोषाध्यक्षांनी स्वतः कॅल्क्युलेटर काढून दोनदा केलं आणि सही केली. कोड, टेबल वगैरे काही दाखवलं नाही, त्याची गरजही पडली नाही.

एक प्रश्न आला की मागच्या वर्षी आपण पाचशेच्या वर छापलं होतं, आता 391 छापलं तर सभेत लोक म्हणतील वाचनालय बुडालं. याला आमच्याकडं पूर्ण उत्तर नाही. मागच्या वर्षीचं वाचन `statistics` मधून काढता येतं पण तेव्हाची मुदत पुसली गेलीय, तो बॅकअप ठेवलेला नाही, त्यामुळं नव्या व्याख्येनं जुना आकडा बनवणं म्हणजे अंदाज ठोकणं. मंडळानं ठरवलं की यंदा वर्गणीदार 457 आणि सक्रिय वाचक 391 दोन्ही छापायचे, खाली एका ओळीत लिहायचं की आधीचा आकडा पावत्यांचा होता, तुलना करू नये. ग्रंथालय अनुदानाच्या प्रपत्रात मात्र आपली व्याख्या घुसवायची नाही, तिथं रकान्यात जे विचारलंय तेच भरायचं, हे मॅडमनी आवर्जून ठरावात घालून घेतलं.

पुढं गोंधळ टाळायला तीन बदल केले. पावतीवर कार्ड क्रमांक लिहिल्याशिवाय पावती फाडायची नाही. कोहात मुदत वाढवताना त्या सभासदाच्या नोटमध्ये पावती क्रमांक टाकायचा, नोट रिकामी म्हणजे वाढ रद्द. आणि `BorrowerRenewalPeriodBase` हे सेटिंग एकदा बघून ठेवलं, त्यावर ठरतं की नूतनीकरण आजच्या तारखेपासून धरायचं की जुनी मुदत संपल्यापासून. आमच्याकडं कोहा आजपासून धरत होतं आणि लिपिक पावतीवर जुन्या तारखेपासून लिहीत होता, त्यामुळं एकाच माणसाच्या दोन मुदती फिरत होत्या. जुन्या मुदतीपासून असं एकच ठेवलं.

अजून पिच्छा सुटला नाही तो अभ्यासिकेच्या रजिस्टरचा. पोरं घाईत नुसती सही करतात, क्रमांक लिहीत नाहीत, आणि काही जण मित्राचीही सही ठोकतात. सध्या अभ्यासिकेचे दादा महिन्याच्या शेवटी रजिस्टर घेऊन बसतात आणि सहीसमोर लाल पेननं क्रमांक भरतात, ओळखू आली नाही ती सही मोजत नाही.